मागावरची मजुरी गावात ठरते

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढच्या काही दशकांत पंचगंगेच्या काठचं हे संस्थानी गाव मागांच्या खडखडाटानं भरून गेलं. बरोबर पन्नास वर्षांनी, १९५४ साली, खऱ्या मँचेस्टरमधल्या एका प्राध्यापकानं एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचं नाव आर्थर लुईस. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया नावाच्या छोट्या बेटावर जन्मलेला, गुलामांचा वंशज असलेला हा माणूस. इचलकरंजीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरीही शेतावरचा माणूस मागावर कसा येतो, आल्यावर त्याची मजुरी वर्षानुवर्षं का हलत नाही आणि ती कधी हलायला लागते, हे समजून घ्यायला त्या निबंधाइतकी उपयोगी दुसरी किल्ली नाही.

लुईसला कोडं पडलं होतं ते इंग्लंडचं. औद्योगिक क्रांती सुरू झाली, गिरण्या उभ्या राहिल्या, मालकांचे नफे फुगले. पण कामगाराची खरी मजुरी सुरुवातीची कित्येक दशकं जवळजवळ होती तिथंच राहिली. असं का? १९५२ च्या ऑगस्टमध्ये बँकॉकच्या रस्त्यावरून चालताना आपल्याला उत्तर सुचलं, असं त्यानं पुढं सांगितलं आहे. उत्तर गिरणीत नव्हतंच, ते गिरणीबाहेरच्या गावात होतं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊन ते उत्तर समजून घेऊ. हातकणंगले तालुक्यातलं एखादं जिरायत शेत डोळ्यांसमोर आणा. पाच भाऊ एकत्र राबतात आणि वर्षाला शंभर मण जोंधळा पिकवतात. वाटणी सारखी, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात वीस मण. आता पाचवा भाऊ निघून गेला तर पीक ऐंशी मणांवर येईल का? नाही. उरलेले चौघे थोडं जास्त राबतील आणि पंच्याण्णव मण काढतील. म्हणजे पाचव्या भावाच्या राबण्यानं पिकात भर पडत होती पाच मणांची. पण त्याला खायला मिळत होते वीस मण, कारण घर हिशोबावर नाही, नात्यावर चालतं.

शहरातल्या मालकाला हा पाचवा भाऊ हवा आहे. तो पाच मणांच्या मजुरीवर येणार नाही, कारण घरी वीस मण मिळतात. गाव सोडायचं, खोलीभाडं द्यायचं, विकत खायचं, म्हणून थोडं वर द्यावं लागेल. लुईसनं हे ‘थोडं वर’ साधारण तीस टक्के धरलं आहे. म्हणजे सव्वीस मणांच्या किमतीची मजुरी दिली की भाऊ मागावर हजर. गावात असे पाचवे भाऊ हजारांनी आहेत, तोवर मालकाला सव्वीसचे सत्तावीस करायची गरज नाही. तो नफा कमावतो, नफ्यातून आणखी माग बसवतो, आणखी भाऊ बोलावतो. कारखानदारी वाढते, मजुरी जागच्या जागी.

हे कायम चालत नाही. पाचवा भाऊ गेल्यावर चौघांच्या वाट्याला पावणेचोवीस मण येऊ लागतात. चौथ्याला न्यायचं तर आता सव्वीस पुरणार नाहीत, एकतीसच्या आसपास द्यावे लागतील. शिवाय चौथा गेला की पीकही चांगलंच घटतं. गावातली फालतू माणसं संपली आणि मजुरी चढायला लागली, या वळणाला अर्थशास्त्रात लुईसचं वळण म्हणतात. याच कामासाठी १९७९ साली त्याला नोबेल मिळालं.

या सगळ्यातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: मागावरची मजुरी मागावर ठरत नाही, ती गावात ठरते. मागे सोडून आलेल्या घरात जे ताट वाढलेलं असतं, त्याच्या जरा वर ती थांबते. लुईस वसाहतीत वाढलेला असल्यामुळं त्यानं याची दुसरी बाजूही स्पष्ट लिहिली. मळ्यांच्या आणि खाणींच्या मालकांना गावची शेती सुधारण्यात रस नव्हता. उलट लोकांच्या जमिनी काढून घेऊन, त्यांना गरीब ठेवूनच स्वस्त मजूर मिळत होता.

आता प्रश्न असा की आपल्या भागात हे ताट कुणाचं किती भरलेलं होतं? लुईसनं ‘फालतू श्रम’ म्हणताना फक्त शेतकऱ्याचा पाचवा भाऊ मोजला नव्हता. फेरीवाले, किरकोळ दुकानदार, घरगडी, रोज कामाच्या शोधात उभे राहणारे मजूर, हेही त्यानं त्यात धरले होते. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यात यात आणखी एक मोठा थर होता, तो बलुतेदार-अलुतेदारांचा. त्यात आपली माणसं खूप होती. मुलाणी, तांबोळी, बागवान, अत्तार, शिकलगार, पिंजारी म्हणजे नदाफ, मोमीन. कापूस पिंजणं, हत्यारांना धार लावणं, हातमागावर विणणं, पानं विकणं. सुगीला खळ्यावर जाऊन धान्याची रास मागायची आणि उरलेलं वर्ष त्यावर काढायचं. काही घरांकडं इनामाचा तुकडा होता, थोड्यांकडं बऱ्यापैकी शेती होती, पण पुष्कळांकडं सातबाऱ्यावर ओळ नव्हती.

वरच्या हिशोबात या घराला बसवून पाहा. पिंजाऱ्याच्या घरात वीस मणांचं ताट नाही. दहाचं असेल, आणि कापूस पिंजायचं यंत्र तालुक्याला आलं की पाचाचं होईल. मागावरची मजुरी मात्र ठरली आहे शेतकऱ्याच्या वीस मणांवरून, सव्वीस. शेतकऱ्याच्या पोराला शहर म्हणजे सहा मणांचा फायदा आणि वर गाव तुटल्याचं दुःख. पिंजाऱ्याच्या पोराला तेच शहर म्हणजे दुप्पट-तिप्पट मिळकत. म्हणून तो आधी येतो आणि शेवटपर्यंत राहतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे ७० टक्के मुसलमान शहरांत राहत होते, तर एकूण राज्यात शहरी माणसांचं प्रमाण होतं ४२ टक्के. याची अनेक कारणं आहेत. पायाखाली जमीन नसणं हे त्यातलं एक मोठं कारण.

आता इचलकरंजीच्या शेडमध्ये जाऊ, कारण मजुरी वाढली की नाही हे तिथं वरवर बघून कळत नाही. साध्या मागावर कामगाराला रोज नसतो, मीटरवर पैसे असतात, आणि मीटरचा दर पिकावर ठरतो. धोटा आडवा धागा घेऊन एकदा इकडून तिकडे गेला की एक पिक. एका इंचात ५२ पिक असतील तर कापड ५२ पिकाचं. पिक जितके जास्त, तितका मीटर विणायला वेळ जास्त, म्हणून दरही जास्त.

साधा माग मिनिटाला साधारण १२० पिक टाकतो असं धरू. तासाला ७,२०० पिक. ५२ नं भागलं की १३८ इंच, म्हणजे साडेतीन मीटर. बारा तासांच्या पाळीत ४२ मीटर. पण धागा तुटतो, कांडी संपते, बीम बदलावं लागतं, वीज जाते. चौथा हिस्सा वेळ यात गेला असं धरलं तर एका मागावर साधारण ३१ मीटर निघतात. सोयीसाठी दर मीटरला एक रुपया माना. चार माग सांभाळणाऱ्याला पाळीचे सव्वाशे रुपये पडले.

काही वर्षांनी कामगार म्हणतो, परवडत नाही, महागाई दुप्पट झाली. मालक म्हणतो, दर वाढवता येत नाही, पण तू सहा माग घे. मग आठ घे. आठ मागांवर नजर पुरत नाही, माग जास्त थांबतात, तरी सव्वादोनशे-अडीचशे रुपये होतात. कामगाराच्या हातात जवळपास दुप्पट पैसे आले. मजुरी वाढली का? मीटरचा दर तोच, एक रुपया. मालकाचा मीटरमागचा मजुरीखर्च एका पैशानं वाढला नाही. महागाई दुप्पट झाली असेल तर कामगाराची खरी मिळकतही वाढली नाही. फक्त पूर्वी चार मागांभोवती फिरायचा, आता त्याच ताटासाठी तो आठांभोवती फिरतो. कागदावरच्या आकड्यात वळण आलेलं दिसतं, पण ते आलेलं नसतं. खरी खूण बघायची तर तीन गोष्टी एकत्र धराव्या लागतात: मीटरचा दर महागाईच्या पुढे गेला का, एका माणसाकडचे माग किती झाले आणि पाळी किती तासांची आहे.

दर वाढत नाही याला मालकाचा लोभ हे एकच कारण नाही. लुईसच्या गणितात मालक नफा कमावतो आणि तो पुन्हा धंद्यात घालतो, म्हणून मागणी वाढत जाते. इचलकरंजीतल्या पुष्कळ शेडचा मालक खर्चीवाला आहे. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. खर्चीवाला फक्त विणून देतो आणि त्यालाही मीटरवरच पैसे मिळतात. सुताचे भाव चढले, कापडाचे पडले की आधी त्याचीच खर्ची कापली जाते. तो स्वतः पाळीला उभा राहतो, घरातल्या बायका कांड्या भरतात. नफा साठतो तो सुताच्या आणि कापडाच्या व्यापारात, आणि तो पुन्हा मागांतच येईल याची खात्री नाही.

याला सरकारी धोरणाची जोड मिळाली. १९५० च्या दशकात मोठ्या गिरण्यांच्या विणकामाच्या विस्ताराला सरकारनं लगाम घातला. हेतू हातमाग वाचवण्याचा होता, पण मोकळी झालेली जागा यंत्रमागानं घेतली. वीज वापरणाऱ्या शेडमध्ये दहापेक्षा कमी कामगार असले की १९४८ चा कारखाना कायदा लागू होत नसे, म्हणून एकाच घरातले माग बापाच्या, भावाच्या, बायकोच्या नावावर वाटले गेले. भविष्यनिर्वाह निधी नाही, हजेरीपट नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला युनियननं जे मिळवून दिलं, ते इथल्या कामगाराच्या वाट्याला आलं नाही. आणि १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसल्या, तेव्हा त्यांचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडं आलं.

दरम्यान याच जिल्ह्यातल्या गावात मात्र मोठा बदल घडत होता. शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम सुरू केलं. त्यांच्या हयातीत ते अपुरं राहिलं, स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. भोगावती-पंचगंगेचं पाणी शेतात आलं. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कूळकायद्यानं कसणाऱ्याला मालकी दिली. सहकारी साखर कारखाने निघाले. १९६३ साली जिल्ह्याचा सहकारी दूध संघ स्थापन झाला, ज्याला आपण गोकुळ म्हणतो. जोंधळ्याच्या शेतात ऊस आला, दारात म्हैस आली, दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येऊ लागलं.

म्हणजे पाच भावांचं ताट वीस मणांचं राहिलं नाही, चाळीसचं झालं. बारा तास आठ मागांभोवती फिरायला शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्याचं पोर आता कशाला येईल? तो शिकला, एमआयडीसीत सुपरवायझर झाला, दुकान टाकलं, किंवा घरच्या उसातच राहिला. कोल्हापूर जिल्ह्यापुरतं पाहिलं तर लुईसचं वळण आलं. ‘कामाला माणूस मिळत नाही’ हे वाक्य शेडमध्ये, फौंड्रीत आणि बांधावर, तिन्ही ठिकाणी ऐकू येऊ लागलं, आणि हे वाक्य त्या वळणाची सगळ्यात सोपी खूण आहे.

मग मजुरी चढायला हवी होती. थोडी चढली, आणि मग गाडी आली. मागावर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची पोरं आली. फौंड्रीत ओतलेल्या कास्टिंगची घासाघिशी त्यांच्याकडं गेली. ऊस तोडायला बीडकडच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन आधीपासून येतच होत्या. लुईसला हे अनपेक्षित नव्हतं. त्याच्या निबंधाचा शेवटचा भाग याच विषयावर आहे: एका प्रदेशातली फालतू माणसं संपली की भांडवलापुढं दोन रस्ते असतात. बाहेरून माणसं आणायची, किंवा जिथं माणसं स्वस्त आहेत तिथं भांडवल न्यायचं. कोल्हापुरानं पहिला रस्ता धरला. तेव्हापासून इचलकरंजीतल्या मागाची मजुरी हातकणंगल्याच्या ताटावरून ठरायची थांबली. आता ती बिहारमधल्या एखाद्या गावातल्या ताटावरून ठरते.

इथं आपल्या भूमिहीन घराची अडचण होते. शेतकऱ्याच्या पोरानं वळणाचा फायदा शेतातून घेतला. त्याला मागाची गरजच उरली नाही. बिहारच्या पोराला इथली मजुरी घरच्यापेक्षा बरी आहे, म्हणून तो खोलीत आठजणांत राहतो आणि वर्षातून एकदा गावी जातो. मधे राहिला तो पिंजाऱ्याचा, शिकलगाराचा नातू. त्याच्या आजोबांना धरणाचं पाणी मिळालं नाही, कारण पाणी जमिनीला मिळतं. कूळकायदा लागला नाही, कारण कूळ म्हणून नोंद नव्हती. उसाचा सभासद होता आलं नाही, कारण सभासदत्व उसाला आहे. त्याला इथलं घरभाडं, पोरांची फी, आईवडिलांचं औषध, सगळं इथल्या भावानं भरायचं आहे आणि कमवायचं आहे बिहारच्या ताटावरून ठरलेल्या दरानं. हीच गत मातंग, चर्मकार आणि इतर भूमिहीन घरांची आहे. राग परप्रांतीयावर निघतो, पण त्या पोराचं गणित तेच आहे जे एके काळी आपल्या आजोबांचं होतं.

गावात खरोखर फालतू माणसं होती का, हा आक्षेपही लुईसवर घेतला गेला, आणि तो घेतला थिओडोर शुल्ट्झनं, ज्याच्याबरोबर त्याला नोबेल वाटून मिळालं. शुल्ट्झनं पुरावा काढला तो हिंदुस्थानातून: १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, आपल्याकडं जिला मानमोडी म्हणत. काही महिन्यांत देशभर कोट्यवधी माणसं मेली आणि मुंबई इलाख्याला मोठा फटका बसला. माणसं खरंच फालतू असती तर पेरा घटायला नको होता, असा त्याचा मुद्दा. आणि पेरा घटला होता. अमर्त्य सेन यांनी त्यावर उत्तर दिलं की साथ पाचव्या भावाला निवडून नेत नाही. ती एका घरातले चौघे नेते आणि शेजारच्या घराला हात लावत नाही. रिकाम्या घराचं शेत पडीक राहतं. लुईसचंही म्हणणं होतं की पाचव्या भावाची भर शून्यच असली पाहिजे असा आपला आग्रह नाही, दिलेल्या मजुरीला हवी तितकी माणसं मिळतात एवढंच पुरे. तरी शुल्ट्झच्या आक्षेपातलं एक तथ्य उरतं: पेरणी-सुगीला गावात कुणीच फालतू नसतो, बाकीच्या महिन्यांत असतो. ऊसतोडीच्या टोळ्या वर्षातले काही महिनेच मोकळ्या असतात, आणि त्यांची सगळी व्यवस्था त्यावरच उभी आहे.

शंभर वर्षांनी दुसरी साथ आली आणि तिनं उलटा प्रयोग करून दाखवला. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले आणि कोल्हापूर स्थानकावरून उत्तरेकडे श्रमिक गाड्या सुटल्या. लुईसच्या चित्रात माणूस शेतातून कारखान्यात जातो. इथं तो परत शेतात गेला. केंद्राच्या श्रमबल पाहणीत २०१८-१९ ला देशातले ४२.५ टक्के काम करणारे शेतीत होते. पुढच्याच वर्षी ते ४५.६ झाले आणि २०२३-२४ मध्येही ४६ च्या आसपासच होते. साथ गेली, पण तोवर प्रमाण खाली आलं नव्हतं. त्याआधी, २००७ ते २०१३ या काळात, खेड्यातली खरी मजुरी देशभर चांगली वाढत होती. बांधकाम जोरात होतं, रोजगार हमी होती, आणि वळण आलं असं अभ्यासक म्हणू लागले होते. नंतर ती वाढ जवळजवळ थांबली. गावात पाचवा भाऊ अजून आहे, आणि त्याच्यामागं सहावाही परत आला आहे.

म्हणून पुढच्या वेळी इचलकरंजीत मजुरीवाढीची बोलणी सुरू झाली की दोन्हीकडचे आकडे नीट ऐकावेत. मालक पगाराचा आकडा सांगेल, तेव्हा माग किती आणि तास किती हे विचारावं. पुढारी परप्रांतीयांना हाकलायची भाषा करेल, तेव्हा आपल्या तरुणाला मागाखेरीज दुसरं काय हातात दिलं हे विचारावं. शेतकऱ्याच्या पोराचं ताट पाण्यानं, जमिनीच्या मालकीनं आणि दुधाच्या बिलानं भरलं, आणि मग कमी मजुरीला नाही म्हणायची ताकद त्याच्यात आली. ज्याच्याकडं जमीन नाही त्याच्यासाठी हे काम आयटीआयचा दाखला, तारण न मागता मिळालेलं कर्ज, शिष्यवृत्तीवर शिकलेली मुलगी यांनी करायचं आहे. नाही म्हणता येणारी माणसं शेडबाहेर तयार झाली, तरच शेडमधला मीटरचा दर हलेल.